नऊ महिने ईआरपीनेक्स्टवर मसाल्याचा हिशेब: मिरची जमली, खोबऱ्याने दगा दिला

कोल्हापूरजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मी स्टोअर आणि खरेदी सांभाळतो. मागच्या ऑक्टोबरपासून आम्ही ईआरपीनेक्स्ट हा धंद्याचा सगळा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम वापरतोय. बिलं आणि जीएसटीबद्दल लिहिणाऱ्यांची कमी नाही. मी फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहितो: इतकी पाकिटं करायची ठरली तर कच्चा माल किती मागवायचा, हे काढणं. आधी हे काम एका वहीवर आणि मालकांच्या अंदाजावर चालायचं.

सुरुवातीचे दोन महिने बीओएम बनवण्यातच गेले. बीओएम म्हणजे एका मालाला काय काय आणि किती लागतं याची यादी, पण ती एका पातळीची नसते. आमचं कांदा-लसूण मसाल्याचं 200 ग्रॅमचं पाकीट घ्या. पाकिटाच्या बीओएममध्ये सुटा मसाला, लॅमिनेट आणि खोका. मशीन वजनात थोडं पुढेच भरतं, म्हणून मसाला 200 नाही, 202 ग्रॅम धरलाय. सुट्या मसाल्याचा बीओएम वेगळा: 100 किलोच्या एका घाण्याला साफ केलेली मिरची 45 किलो, वाळवलेला कांदा 12, खोबरं 8. बाकीचं प्रमाण इथे लिहिलं तर मालक मलाच डंकात घालतील. सगळं मिळून 103 किलो आत जातं तेव्हा 100 किलो बाहेर येतं. साफ मिरचीचा बीओएम आणखी खाली, त्यात देठासकटची मिरची.

आमची पहिली चूक या सर्वांत खालच्या पातळीवर झाली. देठ, कचरा आणि उन्हात उडणारं पाणी मिळून मिरचीत 10 टक्के घट येते. मी सरळ 10 टक्के वाढवले: 405 किलो साफ मिरची हवी, तर 445.5 किलो मागव. पण 445.5 किलोतून 10 टक्के गेले की 401 किलोच उरते. घट कच्च्या मालावर बसते, साफ मालावर नाही. म्हणून 405 ला 0.9 ने भागायचं, 450 किलो येतात. साडेचार किलोचा फरक कुणाच्या डोळ्यावर येत नाही. शेवटच्या घाण्याला मिरची थोडी कमी पडली की आमचे घाणेवाले दादा इकडून तिकडून भागवून घ्यायचे, आणि मला कळायचंही नाही.

कळलं ते कांद्यामुळे. सोललेला ओला कांदा 100 किलो वाळवला की आमच्याकडे 12 किलो हाती लागतो, म्हणजे घट 88 टक्के. त्याच पद्धतीने 88 टक्के वाढवले तर 108 किलो वाळलेल्या कांद्यासाठी 203 किलो ओला कांदा आला. दादा कागदाकडे बघून म्हणाले, "साहेब, एवढ्यात आमची भजीसुद्धा होणार नाहीत." खरा आकडा 900 किलो. घट जितकी मोठी तितकी ही चूक ठळक दिसते. लहान घटीत ती वर्षानुवर्षं लपून राहू शकते.

तेव्हापासून मी बीओएममध्ये टक्के लिहितच नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये बीओएम एकाच नगाचा किंवा एकाच किलोचा असावा असं बंधन नाही, वरचं `Quantity` आपण ठरवतो. म्हणून साफ मिरचीच्या बीओएमला `Quantity` 90 आणि खाली देठाची मिरची 100. वाळल्या कांद्याला वर 12, खाली 100. शेडमध्ये माणसं असंच बोलतात, "शंभर घेतली, नव्वद आली." तेच जसंच्या तसं भरायचं, भागाकार प्रोग्रॅम करतो. या नऊ महिन्यांत मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

आता एक प्रत्यक्ष ऑर्डर बघू. 6,000 पाकिटांची मागणी आली. वहीच्या काळात मी सरळ वरून खाली गुणत गेलो असतो: 1,212 किलो मसाला, त्याला 545 किलो साफ मिरची, म्हणजे देठाची 606 किलो. आता तसं करत नाही. प्रत्येक पातळीवर थांबून "हे आपल्याकडे आधीच किती आहे?" असं विचारतो, आणि उरलेल्याचाच खालचा हिशेब करतो. तयार पाकिटं 800 पडून होती, म्हणून `Production Plan` मध्ये 5,200 चाच आकडा टाकला. त्याला मसाला 1,050 किलो. ड्रममध्ये सुटा मसाला 150 किलो होता. तो वजा जाता 900, म्हणजे नऊ घाणे. नऊ घाण्यांना साफ मिरची 405, देठाची 450 किलो.

606 आणि 450 मधला फरक कुठून आला? तो माल स्टोअरमध्ये आहे, फक्त मिरचीच्या रूपात नाही. ड्रममधल्या दीडशे किलो मसाल्यात 75 किलो मिरची आधीच मुरलेली आहे, बाकीची त्या 800 पाकिटांत. मिरचीचं स्टॉक रजिस्टर कितीही बारकाईने बघितलं तरी ही मिरची त्यात दिसत नाही. म्हणून हिशेब पातळीपातळीने उतरवावा लागतो. आमच्याकडे यासाठी `Skip Available Sub Assembly Items` वर खूण करावी लागते. ती राहिली तर ड्रममधला मसाला धरलाच जात नाही. सुरुवातीला माझी ती राहिली होती, आणि मिरचीची थप्पी छतापर्यंत गेली होती.

मग `Get Raw Materials for Purchase` दाबलं. 450 किलो लागणार, पण मागवायची किती? स्टोअरमध्ये 300 किलो होती. त्यातली 120 लाल तिखटाच्या ऑर्डरसाठी राखीव, आणि 200 किलो वाटेवर. म्हणजे हिशेबाला 380. पडद्यावर याला `Projected Qty` म्हणतात, आणि त्याचा ढोबळ अर्थ असा:

```
Projected Qty = हातात + वाटेवर - राखीव
              = 300 + 200 - 120 = 380
मागवायची     = 450 - 380 = 70
```

गोणी 40 किलोची, म्हणून दोन गोण्या. 606 किलोपासून सुरू झालेला आकडा 80 वर आला. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, वहीत परत करून बघितलं.

हा `Projected Qty` मात्र भाबडा आहे. तुम्ही "वाटेवर आहे" म्हटलं की तो मानतो. याच ऑर्डरला खोबरं 72 किलो लागणार होतं. हातात 30, वाटेवर 50, बेरीज 80, म्हणून यादीत खोबऱ्याची ओळच आली नाही. पण नऊ घाणे तर सोडाच, चौथ्यालाच खोबरं संपलं. वाटेवरचे ते 50 किलो म्हणजे तीन महिन्यांपूर्वीची खरेदी ऑर्डर. व्यापाऱ्याने निम्मा माल दिला, बाकीचा "नंतर बघू" म्हणाला, आणि ती ऑर्डर बंद करायची राहून गेली. चूक माझीच. ऑर्डर उघडी, म्हणून प्रोग्रॅमच्या लेखी खोबरं अजून येतच होतं. त्या दिवशी टेंपो कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात पाठवून मिळेल त्या भावाने खोबरं उचललं, आणि घाणा दुपारपर्यंत थंड.

आता दर सोमवारी मी तारीख उलटलेल्या सगळ्या खरेदी ऑर्डरी काढतो. माल खरंच येणार असेल तर व्यापाऱ्याला विचारून नवी तारीख टाकतो, नाहीतर `Close` करतो. अर्ध्या तासाचं काम आहे. खूण सांगायची तर अशी: ज्या मालाची यादीत ओळच येत नाही, पण स्टोअरमधली गोणी तर तळाला गेलेली दिसते, तिथे एखादी भुताची ऑर्डर बसलेली असते.

लॅमिनेटचा त्रास वेगळा, आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. एका पाकिटाला साडेतीन ग्रॅम फिल्म लागते, पण रोल चढवून छपाईची खूण जुळेपर्यंत दीड किलो वाया जाते, मग पाकिटं पाच हजार करा नाहीतर पाचशे. बीओएमला हे समजत नाही, त्याला सगळं नगाच्या पटीतच कळतं. आठ टक्के वाया धरले तर 5,200 पाकिटांना बरोबर बसतं. 500 पाकिटांच्या ऑर्डरला मात्र पावणेदोन किलोवर फक्त 140 ग्रॅम जादा मिळतात, आणि दीड किलो तर सुरुवातीलाच गेलेली असते. लहान ऑर्डरी मी सध्या एकत्र बांधून चालवतो. पळवाट आहे, उपाय नाही.

मोठी मर्यादा हंगामाची. प्रोग्रॅम म्हणतो, पुढच्या बुधवारी 80 किलो मिरची हवी. बरोबर आहे, पण नवी मिरची बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाला येते. ब्याडगीची वर्षभराची खरेदी तेव्हाच करून शीतगृहात टाकायची असते, दर बुधवारी नाही. म्हणून जानेवारीत मी एक खोटा `Production Plan` केला. वर्षभराचा अंदाज 20 टन मसाला, हातातला साठा न धरता. तेच बीओएम, तीच पातळी: साफ मिरची 9 टन, देठाची 10 टन. मग हंगामात तेवढी घेतली. आता रोजच्या ऑर्डरीची यादी शीतगृहातून कधी किती काढायची एवढंच सांगते, आणि त्या कामाला ती चोख आहे.

तो 10 टनांचा कागद घेऊन मी मालकांकडे गेलो होतो. त्यांनी आकडा बघितला आणि हसायला लागले. "आमच्या आबांच्या वेळेपासून हेच चालतंय रे. मालाच्या निम्मी मिरची घ्यायची. यासाठी कॉम्प्युटर आणला काय?"

मी मुकाट्याने कागद उलटा केला आणि विचारलं, खोबरं किती घ्यायचं? ते थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "ते तू सांग."