ड्रॉप की स्विच? पिक अँड रोल अडवण्यापूर्वी आपल्या गार्डकडे बघा

बास्केटबॉलमध्ये पिक अँड रोलवर बचाव ठरवायची वेळ आली की बहुतेक प्रशिक्षकांची नजर आधी आपल्या उंच खेळाडूकडे जाते. तो चपळ असला तर स्विच, म्हणजे गार्डशी माणसं बदलणं; जड असला तर ड्रॉप, म्हणजे त्याला मागे थांबवणं, असा हिशोब. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी बघायचं ते बॉल हँडलरवर असलेल्या गार्डकडे. उंच खेळाडूचा विचार त्यानंतर.

असं का, ते कळण्यासाठी ही चाल नेमकी कुठे टोचते ते पाहू. बॉल हँडलरचा साथीदार, म्हणजे स्क्रीनर, येतो आणि गार्डच्या वाटेत उभा राहतो. दोन्ही पाय जमिनीवर, अंग स्थिर. ऐनवेळी कंबर किंवा खांदा पुढे काढून धक्का दिला तर फाउल त्याच्यावरच. ताकदीपेक्षा त्याचा कोन महत्त्वाचा असतो: त्याची पाठ जिकडे, साधारण तिकडेच बॉल जाणार. बॉल हँडलरची कामं दोन. एक, स्क्रीनर थांबेपर्यंत धीर धरणं. दुसरं, त्याच्या इतकं जवळून जाणं की खांदा त्याच्या कमरेला घासला पाहिजे. मध्ये हातभर फट राहिली तर गार्ड त्यातून निसटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फट नसेल तर गार्ड मागे पडतो, स्क्रीनर वळून बास्केटकडे रोल करतो आणि क्षणभर तुमचा एकटा उंच खेळाडू दोघांसमोर उभा असतो. शूटर स्क्रीनर असेल तर रोलऐवजी तीन गुणांच्या रेषेबाहेर पॉप करतो. दुखणं तेच, जागा वेगळी.

या दोघांविरुद्ध एक अशा क्षणाचं काय करायचं, यावरच ड्रॉप आणि स्विच वेगळे होतात.

ड्रॉपमध्ये उंच खेळाडू स्क्रीनबरोबर वर येत नाही. तो फ्री थ्रो रेषेच्या आसपास किंवा त्याहून खाली थांबतो आणि बॉल व रोल करणारा दोघेही आपल्या समोर राहतील असा मागे सरकत जातो. गार्ड स्क्रीनच्या वरून येऊन बॉल हँडलरचा मागून पाठलाग करतो. उरलेले तिघे आपापल्या माणसाजवळ राहू शकतात, त्यामुळे कोपऱ्यातले मोकळे शॉट कमी मिळतात. बदल्यात तुम्ही मधल्या पट्ट्यातला शॉट देता: फ्री थ्रो रेषेजवळून थांबून मारलेला जंपर, नाहीतर उंच खेळाडूच्या डोक्यावरून सोडलेला फ्लोटर. फिबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बचावपटूला बास्केटसमोरच्या पेंटमध्ये तीन सेकंदांची मर्यादा नाही, म्हणून तिथे ड्रॉप आणखी सोपा पडतो. एनबीएत मात्र कुणाला धरलेलं नसताना पेंटमध्ये रेंगाळता येत नाही.

आता गार्ड का महत्त्वाचा ते बघा. मागून येणाऱ्या गार्डचा हात बॉल हँडलरच्या खांद्यापाशी पोहोचला, तर तो मधला जंपर घाईत सुटतो. गार्ड स्क्रीनवरच चिकटून बसला, तर उंच खेळाडूपुढे दोनच वाटा. पुढे आला तर डोक्यावरून मागे लॉब पास, थांबला तर बॉल हँडलरला निवांत शॉट. लोक म्हणतात, "आमचा सेंटर ड्रॉपमध्ये कच्चा आहे." अनेकदा सेंटर बिचारा बरोबर जागी उभा असतो, गार्डच आलेला नसतो.

बॉल हँडलर लांबून मारत नसेल तर गार्ड स्क्रीनच्या खालूनही जाऊ शकतो. पण चांगला स्क्रीनर ते लगेच ओळखतो आणि पुढचा स्क्रीन बास्केटच्या आणखी जवळ लावतो.

स्विचमध्ये हा पाठलागच नसतो. दोघे बचावपटू माणसं बदलतात, बॉलसमोर सतत कोणीतरी असतं, ड्राइव्ह तिथेच थंडावतो. किंमत मात्र नंतर मोजावी लागते. बाहेर तुमचा उंच खेळाडू चपळ गार्डसमोर एकटा, आत तुमचा छोटा गार्ड त्यांच्या सेंटरच्या पाठीशी. प्रतिस्पर्धी खेळ थांबवतात, एक बाजू मोकळी करतात आणि आरामात ती जोडी लक्ष्य करतात. पहिला शॉट चुकला तरी रिबाउंडवर तो छोटा गार्ड सेंटरला बाहेर ढकलू शकेल का, हा वेगळाच प्रश्न. शिवाय स्विचची हाक उशिरा आली तर स्क्रीनर टक्कर होण्याआधीच आत स्लिप होतो आणि लेअप घेतो. हाक स्क्रीनरच्या बचावपटूनेच द्यायची, कारण स्क्रीन येताना तोच पाहतो. गार्डला ते दिसतही नसतं.

२०२१ च्या एनबीए फायनलमध्ये हा फरक एकाच मालिकेत दिसला. पहिल्या सामन्यात मिलवॉकी बक्सने बरंच स्विच केलं. उंच आणि संथ ब्रूक लोपेझ पुन्हा पुन्हा फिनिक्सच्या गार्डसमोर सापडला. क्रिस पॉलने ३२ गुण केले आणि फिनिक्सने ११८-१०५ असा सामना जिंकला. पुढे बक्सने स्विच कमी करून लोपेझला पुन्हा मागे ठेवलं, आणि मालिका सहा सामन्यांत जिंकली. फक्त या बदलामुळे जिंकली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्रू हॉलिडेसारखा स्क्रीनवर न अडकणारा गार्ड पाठलागाला असताना लोपेझला मागे ठेवणं परवडतं, हे नक्की.

हेज आणि ट्रॅपबद्दल थोडक्यात. हेजमध्ये उंच खेळाडू क्षणभर बाहेर उडी घेऊन बॉल अडवतो आणि परततो. ट्रॅपमध्ये दोघे बॉलवरच राहतात. दोन्हींत स्क्रीनरकडे छोटा पास गेला की मागे चौघांविरुद्ध तिघे उरतात. ज्यांचे पास कच्चे आहेत अशा वयोगटांत ट्रॅप भरपूर बॉल हिसकावून देतो. चांगल्या पासरसमोर तो फार महाग पडतो, आणि मी तो अधूनमधून धक्का देण्यापुरताच ठेवतो.

निवड करायची तर सरावात एक साधी चाचणी घ्या. तुमच्या मुख्य गार्डला दहा स्क्रीन खायला लावा. बॉल हँडलर फ्री थ्रो रेषेपर्यंत पोहोचण्याआधी गार्ड किती वेळा त्याच्या कमरेपाशी परत येतो ते मोजा. सहा-सात वेळा येत असेल तर ड्रॉप घ्या, सेंटर जड असला तरी. तीन-चार वेळाच येत असेल आणि पाचही खेळाडू साधारण एकाच उंचीचे असतील तर स्विच. गार्ड अडकतो आणि सेंटरही संथ, अशी जोडी असेल तर ड्रॉपच ठेवा, पण सेंटरला एक पाऊल वर आणा आणि लांबच्या बाजूच्या बचावपटूला रोल करणाऱ्याला आत येताना अंगाने रोखायला सांगा. तेव्हा त्या बाजूचा कोपरा उघडा पडेल. तिथे त्यांचा सर्वात कमकुवत शूटर उभा असावा अशी आशा करायची.

सामन्यात शॉट जातात की चुकतात यावरून घाईने निर्णय बदलू नका. शॉटच्या वेळी तुमचा गार्ड कुठे होता ते बघा. त्याचा हात वर होता आणि तरी तीन जंपर पडले, तर ड्रॉप चालू ठेवा. तो स्क्रीनपलीकडे अडकला होता आणि तीनही चुकले, तरी ड्रॉप बंद करा. आणि शॉट क्लॉकवर सात-आठ सेकंद उरले की योजना कोणतीही असो, स्विच करा. मिसमॅच शोधून त्याचा फायदा उठवायला प्रतिस्पर्ध्याकडे तेव्हा वेळच उरलेला नसतो.