कर्ली कटचे पैसे घेतले, चालवली थिनिंगची कात्री

मुंबईतल्या बऱ्याच सलूनच्या रेट कार्डवर साध्या हेअरकटच्या खाली आता ‘कर्ली कट’ अशी वेगळी ओळ असते आणि तिचा दर दुप्पट-तिप्पट असतो. अंधेरीतल्या एका चकचकीत सलूनमध्ये मी त्या ओळीचे २,५०० रुपये मोजले. मिळाला साधा कट, वर केसांचं नुकसान. हे जाणूनबुजून करतात असं माझं ठाम मत झालं आहे. कुरळ्या किंवा लहरी केसांच्या मुलींनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

माझे केस दाट, कुरळे, खांद्याच्या जरा खाली. तक्रार एकच होती: डोक्यावर चपटे बसतात आणि गाल-जबड्यापाशी दोन्ही बाजूंना फुगतात, त्यामुळे चेहरा खाली रुंद दिसतो. केस सगळीकडे एकाच लांबीत कापलेले असले की असं होतं. वरच्या बटा स्वतःच्या वजनाने खाली ओढल्या जातात, सगळ्यांची टोकं एकाच रेषेत येतात आणि बटा टोकाशीच सर्वांत जास्त पसरत असल्याने त्या रेषेवर त्रिकोणाचा पाया तयार होतो.

स्टायलिस्टने ऐकून मान डोलावली. “मॅडम, व्हॉल्यूम कमी करून देतो, काही टेन्शन घेऊ नका.” मग केस धुतले, ओल्या केसांतून बारीक कंगवा फिरवून ते सरळ ताणले आणि तसेच कापले. त्यानंतर थिनिंगची दातेरी कात्री काढली आणि गालापासून जबड्यापर्यंत दोन्ही बाजूंना कचाकच चालवली. शेवटी ब्लो ड्राय, वर इस्त्री. आरशात केस अगदी रेशमी आणि गालालगत बसलेले दिसत होते. बिल भरून मी खूश होऊन निघाले.

खरी मेख या ब्लो ड्रायमध्ये आहे. उष्णतेने सरळ केलेला केस पाणी लागेपर्यंतच सरळ राहतो. केसांतले हायड्रोजन बंध ओलाव्याने सुटतात आणि सुकताना केस पुन्हा मूळ आकार धरतो. जुलैच्या मुंबईत तर धुवायचीही गरज नसते, हवेतला दमटपणा पुरतो. म्हणजे कट कसा झाला आहे हे गिऱ्हाइकाला दिसतं ते घरी पोचल्यावर, पैसे देऊन झाल्यावर.

घरी केस धुतले आणि गालापाशी पूर्वीपेक्षा मोठा, विस्कटलेला फुगा उभा राहिला. कारण सोपं आहे. दातेरी कात्री एका बटेतले काही केस कापते, काही सोडते. कुरळे केस एकमेकांना धरून बट बनवतात. त्यातले काही अर्ध्यातच तुटले की ते बटेत सामील होत नाहीत, आत आखडून आडवे उभे राहतात आणि बाहेरच्या लांब केसांना बाहेर ढकलतात. सरळ दाट केसांना थिनिंग चालून जातं. कुरळ्या केसांत गालापाशी केलं की वजन कमी होतं आणि फुगा वाढतो. माझ्या बोटांत एक बट धरून टोकाकडे ओढली तर मध्येच आखूड, टोचरे केस निसटत होते. तुम्हीही हे करून बघा, थिनिंग झालंय का ते लगेच कळतं.

परत गेले तेव्हा दुसरा डाव समोर आला. “मॅडम, तुमचे केसच डॅमेज्ड आहेत, कट काय करणार? हेअर बोटॉक्स घ्या, फॉर्मल्डिहाइड फ्री आहे.” केस गुळगुळीत करणाऱ्या या ट्रीटमेंटची किंमत १४,००० रुपये, आजच घेतलं तर सूट. आधी फुगा तयार करायचा, मग त्यावरचा उपाय विकायचा. अशा ‘फ्री’ म्हणवणाऱ्या अनेक ट्रीटमेंटमध्ये ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं आणि गरम इस्त्रीखाली त्यातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायूच बाहेर पडू शकतो. मी बाटलीवरचे घटक दाखवा म्हटलं, तर बाटली आतून बाहेर आलीच नाही. मी नकार दिला.

नंतर परळच्या एका ताईंकडे गेले. लहानसं दुकान, पण काम बघण्यासारखं. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, केस धुऊन, तेल न लावता, पूर्ण सुकवून, न बांधता या. कारण कुरळी बट ओली असताना हनुवटीखाली दिसली तरी सुकल्यावर वर चढते, आणि डाव्या-उजव्या बाजूच्या बटा सारख्या चढत नाहीत. म्हणून सुक्या केसांत, बट जिथे पडते तिथेच बघून, साध्या धारदार कात्रीने एकेक बट कापायची.

त्यांनी आकार वरून सुरू केला. टाळूच्या बटा थोड्या आखूड केल्या, म्हणजे वजन कमी होऊन त्या उचलल्या गेल्या आणि रुंदी वर सरकली. चेहऱ्याजवळची कुठलीही बट गालाच्या सर्वांत रुंद भागावर किंवा जबड्याच्या कोपऱ्यावर संपू दिली नाही. काही गालाच्या हाडाच्या वर थांबवल्या, बाकीच्या जबड्याच्या बऱ्याच खाली, गळपट्टीच्या हाडाकडे नेल्या. दाटपणा कमी करायला कानामागच्या, वरच्या थराखाली लपणाऱ्या मोजक्या बटा अख्ख्याच्या अख्ख्या आखूड केल्या. बट अख्खी कापली की ती बट म्हणूनच राहते, पिंजत नाही. जमिनीवरही फरक दिसतो: इथे वळलेल्या बटा पडल्या होत्या, अंधेरीत नुसता भुसा होता.

आत तुटलेल्या केसांवर मात्र झटपट इलाज नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, पण बाहेरचेही तेवढेच वाढतात, त्यामुळे फरक आपोआप मिटत नाही. बाहेरच्या लांब बटा थोड्या थोड्या कापत आतल्यांना गाठू द्यावं लागतं. तोवर ताईंनी सांगितलेली पद्धत वापरते. ओलेचिंब असतानाच जेल लावायचं. गालाजवळच्या बटा मुठीत चुरगाळायच्या नाहीत, दोन तळव्यांमध्ये धरून वरून खाली सपाट सरकवायच्या. सुती टी-शर्टने पाणी टिपायचं. ड्रायरच्या तोंडाला लावायचा डिफ्यूझर वापरलाच तर डोकं सरळ ठेवून फक्त टाळूच्या मुळांशी, कारण मान खाली घालून सुकवलं की बाजूच्या बटाही फुलतात. पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही, मग जेलचा कडकपणा हातांनी हलकेच मोडायचा. फुगा गेलेला नाही, पण ताब्यात आहे.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: केस सुके कापणार की ओले, थिनिंगची कात्री किंवा रेझर वापरणार का, आणि कट झाल्यावर ब्लो ड्राय न करता नैसर्गिक सुकलेले केस दाखवणार का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथे बसू नका. दातेरी कात्री हातात दिसली तर तिथल्या तिथे थांबवा, तो तुमचा हक्क आहे.

बिलही वाचा. माझ्याकडून कर्ली कटचे पैसे घेतले होते, पण बिलावर ‘लेडीज कट, सीनियर’ असं लिहिलं होतं. रेट कार्डचा फोटो, ते बिल आणि धुतल्यानंतरचे केसांचे फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. सलूनने दोन दरांमधला फरक परत केला आहे. उरलेल्या रकमेसाठी मी अजून पाठपुरावा करते आहे.