स्पेंडिंग की एफिशियन्सी: सुपरवायझरने आधी कुठला व्हेरियन्स बघायचा?

महिना संपला की कॉस्टिंगवाले दोन आकडे पाठवतात, व्हेरिएबल ओव्हरहेडचा स्पेंडिंग व्हेरियन्स आणि एफिशियन्सी व्हेरियन्स. एक फेव्हरेबल, दुसरा अ‍ॅडव्हर्स, आणि सुपरवायझरला वाटतं चला, एकाने दुसऱ्याची थोडी भरपाई केली. मी स्वतः हे रिपोर्ट बनवतो म्हणून सांगतो, ही भरपाई बऱ्याचदा खरी नसते, आणि कशामुळे नसते ते एकदा कळलं की आधी कुठे बघायचं हे आपोआप ठरतं.

समजा कोल्हापूरच्या एमआयडीसीत एक सीएनसी शॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग येतं आणि इथे मशीनिंग होतं. आकडे सोपे घेतलेत. एका पीसला 15 मिनिटं म्हणजे पाव मशीन तास लागायला पाहिजे. व्हेरिएबल ओव्हरहेडचा स्टँडर्ड रेट तासाला 120 रुपये, त्यात वीज 70, कुलंट 20, इन्सर्ट 30. महिन्यात 4,000 चांगले पीस निघाले, म्हणजे 1,000 तास लागायला हवे होते. लागले 1,120, आणि खर्च झाला 1,28,800 रुपये.

एफिशियन्सी व्हेरियन्स काढायचा म्हणजे जास्त लागलेले 120 तास गुणिले 120 रुपये, 14,400 अ‍ॅडव्हर्स. स्पेंडिंगसाठी बघायचं की 1,120 तास मशीन चालली तर स्टँडर्डने किती खर्च व्हायला हवा होता, तो येतो 1,34,400, झाला 1,28,800, म्हणून 5,600 फेव्हरेबल. दोन्ही मिळून 8,800 अ‍ॅडव्हर्स.

आता नावाने फसायचं नाही. एफिशियन्सी म्हटल्यावर वाटतं वीज-कुलंट काटकसरीने वापरलं की नाही ते यात दिसेल, पण त्याचा इथे काहीच संबंध नाही. हा आकडा फक्त मशीनचे तास मोजतो, त्याला रुपयांचा रेट लावलेला असतो एवढंच. कुलंट गळून गेलं, इन्सर्ट वेळेआधी बदलले, कॉम्प्रेसरची हवा लीक झाली, हे सगळं स्पेंडिंगमध्ये जातं, आणि इन्सर्टचा भाव वाढला तर तोही स्पेंडिंगमध्येच. म्हणजे स्पेंडिंगमध्ये भाव आणि वापर दोन्ही मिसळलेले असतात, त्यामुळे तो आकडा एकत्र बघून कुणालाच काही विचारता येत नाही, ओळीओळीने फोडावाच लागतो.

| खर्च (रु.) | 1,120 तासांना | प्रत्यक्ष | 1,000 तासांना |
|---|---|---|---|
| वीज | 78,400 | 70,000 | 70,000 |
| कुलंट | 22,400 | 22,000 | 20,000 |
| इन्सर्ट | 33,600 | 36,800 | 30,000 |
| एकूण | 1,34,400 | 1,28,800 | 1,20,000 |

विजेची ओळ नीट बघा, सगळी गोम तिथेच आहे. स्पेंडिंगच्या हिशोबाने विजेत 8,400 वाचले. पण 4,000 पिसांना जेवढी वीज लागायला हवी तेवढीच, बरोबर 70,000 ची लागलीय, एक रुपया वाचलेला नाही! झालंय असं की वाया गेलेल्या 120 तासांमुळे आपलं बजेटच 8,400 ने फुगलं, आणि त्या फुगलेल्या बजेटशी तुलना केल्यावर बचत दिसायला लागली. तेच 8,400 एफिशियन्सीत अ‍ॅडव्हर्स म्हणून बसलेत. सीएनसीची बरीचशी वीज स्पिंडलवर लोड किती आहे त्याप्रमाणे जाते, नुसत्या घड्याळाप्रमाणे नाही, त्यामुळे फीड कमी करून मशीन हळू चालवली की तास वाढतात पण तासामागची वीज कमी होते. तासांवर ओव्हरहेड लावलं की हे होणारच, म्हणून अशा वेळी फेव्हरेबल स्पेंडिंगचं श्रेय घ्यायचं पण नाही आणि कुणाला द्यायचं पण नाही.

इन्सर्टचं उलटं आहे. स्पेंडिंगमध्ये ते 3,200 अ‍ॅडव्हर्स दिसतात, पण पिसांच्या हिशोबाने 6,800 जास्त गेलेत. फुगलेल्या बजेटने अर्ध्याहून जास्त दुखणं झाकून टाकलं.

मग जास्तीचे 120 तास गेले कुठे? हे कॉस्टिंगवाला सांगू शकत नाही, सुपरवायझरच सांगू शकतो, आणि त्याच्याकडे दोन वह्या असतात, सायकल टाइमची नोंद आणि रिजेक्शनची. इथे सायकल 15 वरून 16.2 मिनिटांवर गेली होती, 4,000 पिसांना त्याचे 80 तास. उरलेले 40 तास 148 रिजेक्ट पिसांनी खाल्ले, कारण स्टँडर्ड तास फक्त चांगल्या पिसांना मिळतात, बाद पिसाचा पूर्ण वेळ एफिशियन्सीतच पडतो. रुपयात 9,600 आणि 4,800.

ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणेल, "साहेब, माल कडक आलाय, फीड वाढवलं की टिप उडतीय." आणि तो खरं बोलत असू शकतो. कास्टिंगची पातळ कड लवकर थंड झाली की तिथे चिल धरतो आणि ती जागा कडक होते, टूल त्या जागी आलं की आवाज बदलतो, लोड मीटर एकदम वर जातो. तपासायला अवघड नाही, हार्डनेस टेस्टरवर त्या लॉटचे चार-पाच पीस कडेला आणि मध्ये बघायचे, आणि आधीच्या लॉटच्या पिसांवर तोच प्रोग्राम जुन्या फीडने चालवून बघायचा. जुना माल 15 मिनिटांत निघाला तर प्रश्न ऑपरेटरचा नाही, मालाचा आहे. सायकल लांबली, इन्सर्ट जास्त गेले आणि रिजेक्शन वाढलं, तिन्ही एकाच लॉटमध्ये असतील तर लॉट नंबर टाकून परचेसकडे पाठवा. नाहीतर स्वस्त कास्टिंग घेतल्याचा फायदा त्यांच्या नावावर लागतो आणि त्याचा तोटा तुमच्या, आणि हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून माझं मत, तास स्टँडर्डपेक्षा बरेच हलले असतील, वर किंवा खाली, तर आधी एफिशियन्सी बघा, आणि स्पेंडिंग 1,000 तासांच्या कॉलमशी ताडून मगच वाचा. खाली हलले तरी हेच. फीड वाढवून 50 तास वाचवले तर एफिशियन्सी 6,000 फेव्हरेबल दिसेल, पण त्यासाठी 950 तासांच्या बजेटपेक्षा 9,000 चे इन्सर्ट जास्त जाळले असतील तर 3,000 चं नुकसानच आहे (मशीनवर पुढचं काम रांगेत उभं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एका तासाची किंमत 120 पेक्षा खूप जास्त असते, आणि ती या दोन्ही आकड्यांत कुठेच येत नाही).

तास जागेवर आहेत आणि स्पेंडिंग अ‍ॅडव्हर्स आहे, तेव्हा मात्र स्पेंडिंगच पहिलं. इन्सर्टचं बिल काढून भाव वाढला का बघा, वाढला असेल तर तो विषय तुमचा नाही. कुलंटला रिफ्रॅक्टोमीटर लावा, टॉपअपला नुसतं ऑइल ओतायची सवय असेल तर रीडिंग चढलेलं दिसेल. सुट्टीच्या दिवशी शॉप बंद असताना कॉम्प्रेसर थोडा वेळ चालू ठेवून ऐका, कुणी हवा वापरत नसताना तो पुन्हा पुन्हा लोड घेत असेल तर लाइन लीक आहे.

आणि वीजबिलातला डिमांड चार्ज या 70 रुपयांत घातलाय का ते एकदा कॉस्टिंगला नक्की विचारा. तो तासांनी वाढत नाही, त्यामुळे जास्त तास चालवले की स्पेंडिंग फुकट फेव्हरेबल आणि ऑर्डर कमी असलेल्या महिन्यात तुमची काही चूक नसताना अ‍ॅडव्हर्स येतो. घातला असेल तर काढून फिक्स्डमध्ये टाकायला लावा, मागच्या दोन-तीन महिन्यांचे आकडे पण त्याप्रमाणे परत काढून घ्या.