ड्रॉवरमधलं जुनं क्रेडिट कार्ड: बंद करू की राहू देऊ?

परवा मावसभावाचा फोन. "दादा, माझं पहिलं कार्ड १४ वर्षं जुनं आहे, तीन वर्षांत हात लावला नाहीये, आणि परत फी आलीये. बंद करू का? सगळे म्हणतात जुनं कार्ड बंद केलं की क्रेडिट स्कोर पडतो." मी म्हटलं पडतो की नाही ते नंतर बघू, आधी कशामुळे पडतो ते बघू, कारण लोकांना ज्याची भीती असते ते सहसा लगेच होत नाही, आणि जे लगेच होतं त्याकडे कुणी बघतच नाही.

त्याचे आकडे सांगतो म्हणजे हवेत बोलणं नको. एकूण तीन कार्डं. पहिलं १४ वर्षांचं, लिमिट ८० हजार, वापर शून्य. दुसरं ७ वर्षांचं, लिमिट १ लाख २० हजार. तिसरं ३ वर्षांचं, लिमिट ५० हजार. या दोन नव्या कार्डांवर मिळून महिन्याला साधारण ६० हजारांचं बिल होतं आणि तो ते दर महिन्याला पूर्ण भरतो.

आधी वयाचं बघू, कारण सगळी भीती तिथेच आहे. फायको या क्रेडिट स्कोर काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने त्यांच्या स्कोरचे ढोबळ वाटे जाहीर केलेले आहेत: वेळेवर पैसे भरले की नाही याला ३५ टक्के, किती उधारी वापरात आहे याला ३०, आणि क्रेडिट इतिहास किती जुना याला १५. सिबिल वगैरे इतरांची मांडणी वेगळी असली तरी बघतात साधारण हेच. आता वयाला महत्त्व का, तर स्कोर म्हणजे शेवटी एक अंदाज असतो की हा माणूस पुढे हप्ते चुकवेल का. ज्याची दीड वर्षाचीच नोंद आहे त्याने सगळं वेळेवर भरलं असलं तरी त्याचे वाईट दिवस अजून कुणी पाहिलेले नाहीत. १४ वर्षांची नोंद असणाऱ्याची मात्र नोकरी गेली असेल, आजारपण झालं असेल, लग्नाचा खर्च झाला असेल आणि तरीही बिलं भरली गेली असतील, म्हणजे त्याच्याबद्दलचा अंदाज जास्त भरवशाचा. त्यामुळे सगळ्यात जुनं खातं किती वर्षांचं आणि सगळ्या खात्यांचं सरासरी वय किती, दोन्ही बघतात.

भावाच्या तीन कार्डांचं सरासरी वय १४ अधिक ७ अधिक ३ भागिले ३, म्हणजे ८ वर्षं. लोक काय हिशोब करतात, की पहिलं गेलं म्हणजे उरले ७ आणि ३, सरासरी ५, आणि सगळ्यात जुनं खातं १४ वरून ७ वर. भयंकर वाटतं ना? पण फायकोच्या हिशोबात असं होत नाही. बंद केलेलं खातं क्रेडिट रिपोर्टमधून त्याच दिवशी पुसलं जात नाही. अमेरिकेत चांगल्या स्थितीत बंद झालेलं खातं साधारण १० वर्षं रिपोर्टमध्ये राहतं, आणि तोवर फायको त्याचं वय मोजत राहतो, ते वाढतसुद्धा राहतं. बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी सरासरी तेवढीच, ८.

मग १० वर्षांनी ते गळून पडेल तेव्हा? तेव्हा बाकीची दोन कार्डं १७ आणि १३ वर्षांची झालेली असतील, सरासरी १५. जुनं कार्ड राहिलं असतं तर १८ असती. ३ वर्षांचा फरक आहे, पण तोपर्यंत फाइल एवढी जुनी झालेली असते की त्याने फारसं बिघडत नाही. उलट गंमत बघा, त्याने आज एक नवीन कार्ड घेतलं तर सरासरी लगेच ६ वर येईल, आणि त्याबद्दल मात्र कुणी घाबरत नाही, बोनस पॉइंट मिळतायत म्हणून खुशाल घेतात.

इथे एक अपवाद आहे. प्रत्येक स्कोरचं मॉडेल, म्हणजे तो काढायची पद्धत, सारखी नसते. व्हँटेजस्कोर या अमेरिकेतल्याच दुसऱ्या स्कोरमध्ये काही बंद खाती वयाच्या हिशोबातून बाहेर पडू शकतात, तिथे वर म्हटलेला ८ चा ५ लगेच होऊ शकतो. त्यामुळे मोबाइल अॅपवर दिसणारा फुकटचा स्कोर पडला आणि बँक जो बघते तो जवळपास तसाच राहिला असं होतं, आणि लोक अॅपचा आकडा बघून बोंब मारतात.

आता खरा दणका कुठे बसतो ते. वापर आणि लिमिट यांचं प्रमाण, यालाच युटिलायझेशन म्हणतात. आज भावाचं एकूण लिमिट अडीच लाख आणि स्टेटमेंटला ६० हजार, म्हणजे २४ टक्के. जुनं कार्ड बंद केलं की लिमिट उरलं १ लाख ७० हजार, वापर तोच ६० हजार, झाले ३५ टक्के. त्याने एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, फक्त भागाकाराच्या खालचा आकडा लहान झाला, पण मॉडेलला दिसतं की हा माणूस आता उधारीवर जास्त टेकलाय. हे बंद केल्यानंतरच्या पहिल्याच रिपोर्टिंगला होतं, आणि "जुनं कार्ड बंद केलं आणि स्कोर घसरला" म्हणतात त्यातली बहुतेक घसरण हीच असते, वयाची नसते.

पूर्ण बिल भरणाऱ्याला याचं आश्चर्य वाटतं, की मी तर थकबाकी ठेवतच नाही. पण बँक क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्युरोला सहसा स्टेटमेंटच्या तारखेचा आकडा कळवते, आणि तुम्ही बिल भरता ते त्यानंतर. उपाय तिथेच सापडतो: स्टेटमेंट बनायच्या तीन-चार दिवस आधी ३० हजार भरून टाकायचे, मग नोंदीत ३० हजारच दिसतील आणि १ लाख ७० हजारांवर ते १८ टक्क्यांच्या आत बसतात. बहुतेक मॉडेल फक्त ताजा आकडा बघतात, त्यामुळे प्रमाण खाली आलं की स्कोरही सावरतो, पण काही नवीन मॉडेल मागच्या २४ महिन्यांचा कल बघतात, तिथे एका महिन्यात धुऊन निघत नाही.

मग न वापरता पडू दिलं तर सगळं छानच का? नाही हो. माझं स्वतःचं एक असंच पडलेलं कार्ड होतं. फी माफ आहे असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, ती माफी एका वर्षापुरती होती, स्टेटमेंट जायचं मी कधीच न उघडणाऱ्या जुन्या ईमेलवर, आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट उघडला तर लेट पेमेंटचा शिक्का. रक्कम किरकोळ होती, पण वर बघा, ३५ टक्क्यांचा वाटा त्याच रकान्याचा आहे. १५ टक्के वाचवायला ठेवलेल्या कार्डाने ३५ टक्क्यांच्या रकान्यात भोक पाडलं. शिवाय नजरेआड असलेल्या कार्डावर कुणी गैरव्यवहार केला तरी महिनोन्महिने कळत नाही.

आणि "राहू देतो" म्हणजे ते राहीलच असंही नाही. न वापरलेलं कार्ड बँका स्वतःहून बंद करतात. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक आधी कळवून बंद करायला घेऊ शकते, आणि ३० दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर थकबाकी नसेल तेव्हा बंद करते. अमेरिकेत वापर नसल्याच्या कारणाने बंद करायला आधी कळवायचंही बंधन नाही. म्हणजे ठेवायचंच असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा काहीतरी छोटं घेऊन, आपोआप पूर्ण बिल भरलं जाईल अशी सोय करून ठेवावं लागतं. ज्याला एवढंही जमणार नाही त्याने ठेवू नये असं माझं स्पष्ट मत.

मधली वाटही आहे, आणि भावाला मी हीच सांगितली. बँकेला विचारायचं की हेच खातं फी नसलेल्या साध्या कार्डात बदलून मिळेल का. यात प्रश्न नीट विचारा: "जुन्याच अकाउंटवर कार्ड बदलणार की नवीन अकाउंट उघडणार?" जुनंच असेल तर उघडल्याची तारीख तीच राहते, लिमिट राहतं, फी जाते. नवीन उघडणार असतील तर फायदा गेला, वर चौकशीची नोंद आणि शून्य वयाचं खातं. ते जमलं नाही आणि त्याच बँकेचं दुसरं कार्ड असेल तर जुन्याचं लिमिट त्यावर हलवून मिळतं का विचारायचं, मग बंद केलं तरी प्रमाण बिघडत नाही.

बंद करणं केव्हा सरळ वाईट? एक, घराचं किंवा गाडीचं कर्ज येत्या सहा महिन्यांत घ्यायचं असेल तर. तेव्हा काहीच हलवू नका, फी भरा आणि गप्प बसा. दोन, ते एकच खातं असेल तर. फायकोला स्कोर काढायला मागच्या सहा महिन्यांत निदान एका खात्याची नोंद आलेली लागते, एकुलतं कार्ड बंद केलं की काही महिन्यांनी स्कोर कमी होण्याऐवजी निघायचाच बंद होऊ शकतो. याउलट फी जड आहे, बाकी दोन-तीन चांगली कार्डं आहेत, जवळपास कर्ज नाही आणि वापर लिमिटच्या मानाने कमी, अशा माणसाने जुनं कार्ड जपण्यासाठी दरवर्षी पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

बंद करायचंच ठरलं तर आधी पॉइंट वापरून टाका, त्या कार्डाला लावलेली ऑटो-पेमेंट दुसरीकडे हलवा, आणि कधी थकबाकी ठेवली असेल तर शेवटचं बिल भरल्यावरही एक स्टेटमेंट थांबा, कारण स्टेटमेंट आणि भरणा यांच्या मधल्या दिवसांचं व्याज नंतर उगवतं आणि बंद समजलेल्या कार्डावर थकबाकी म्हणून बसतं. बंद झाल्याचं लेखी घ्या. मग महिना-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून त्या खात्यासमोर बाकी शून्य आणि स्थिती Closed आहे ना ते बघा. Settled दिसलं तर त्याचा अर्थ पूर्ण पैसे न भरता तडजोड केली असा होतो, आणि तुम्ही सगळं भरलेलं असेल तर लेखी पत्र जोडून बँकेकडे आणि ब्युरोकडे दोन्हीकडे तक्रार टाका.

भावाने फोन लावला, बँकेने कार्ड बदलून दिलं, अकाउंट जुनंच. आता त्याच्यावर फक्त मोबाइलचा रिचार्ज चालतो.