क्रंच, सिट-अप की लेग रेझ: पोटाआधी मान दमत असेल तर काय निवडावं?

पोटाचा व्यायाम करताना मान भरून येते, ही तक्रार जिममध्ये सर्रास ऐकू येते. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: "हातांनी मान ओढू नकोस." सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. हात छातीवर ठेवूनही मान दुखणारे बरेच असतात. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. उताणं झोपून ते उचललं की भार मानेच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंवर येतो. म्हणून हे तीन व्यायाम ताडून बघताना मी आधी एवढंच बघतो, की डोकं किती वेळ अधांतरी राहतं.

या हिशेबात क्रंच सगळ्यात महाग पडतो. खांद्याची पाती जमिनीवरून सुटतील इतकंच वर यायचं असल्याने धड जवळजवळ आडवंच राहतं आणि डोक्याचा भार शेवटपर्यंत कमी होत नाही. समजा, एकजण 15 क्रंचचा सेट मारतो, प्रत्येकाला 3 सेकंद घेतो आणि मध्ये डोकं टेकवत नाही. म्हणजे त्याची मान सलग 45 सेकंद काम करते. आता त्याची मान किती टिकते ते पाहू. उताणं झोपून हनुवटी हलकेच आत घ्यायची, डोकं दोन-अडीच सेंटिमीटर उचलायचं आणि तसंच धरायचं. हनुवटी पुढे निघाली किंवा डोकं खाली आलं की वेळ थांबवायची. मानेचा त्रास नसलेल्यांना हे साधारण अर्धा मिनिट जमतं. आपल्या गड्याला 20 सेकंदच जमलं, तर सातव्या-आठव्या क्रंचलाच त्याची मान हात टेकते आणि पोट अजून ताजंतवानं असतं. मानेतले खोलवरचे स्नायू थकले की कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा जाड स्नायू काम हातात घेतो. आरशात तो दोरीसारखा ताणलेला दिसतो आणि हनुवटी छताकडे निघते. सेट तिथेच थांबवायला हवा.

त्याला क्रंच सोडायची मात्र गरज नाही. प्रत्येक वेळी डोकं पूर्ण टेकवायचं आणि पाच-पाचचे छोटे सेट मारायचे. हनुवटी आणि छाती यांत मुठीएवढं अंतर ठेवायचं. हात डोक्यामागे घेतले तरी चालतात, उलट तेच बरं; फक्त त्यांनी डोक्याचं वजन पेलायचं, ओढायचं नाही. कोपरं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुढे दिसायला लागली, की ओढणं सुरू झालं असं समजावं. एवढं करूनही जमत नसेल तर पाठीखालून डोक्यापर्यंत टॉवेल पसरा, त्याची वरची दोन टोकं हातांत धरा आणि डोकं त्या झोळीत सैल सोडून वर या.

सिट-अपमध्ये गणित वेगळं आहे. धड उभं होत जातं तसा मानेवरचा भार उतरतो. जमिनीशी 60 अंश झाले की तो निम्म्यावर येतो. मग मान का आखडते? सुरुवातीच्या झटक्यामुळे. पोटाची ताकद कमी पडली की माणूस डोकं पुढे फेकून गती घेतो, हात मागे गुंफलेले असतील तर ती फेक दुप्पट होते, आणि मानेची मागची बाजू एकदम ताणली जाते. शिवाय पाती उचलल्यानंतरचं बरंचसं काम मांडी उचलणारे स्नायू करतात, पाय कुणी दाबून धरले असतील तर जास्तच. कमरेच्या मणक्यांवर दाबही मोठा येतो. फक्त पोट कमवायचं असेल तर मला हा सौदा पटत नाही. एखाद्या चाचणीत सिट-अप असतील तर करावेच लागतात. तेव्हा हात छातीवर ठेवा आणि पहिला वीतभर टप्पा मुद्दाम सावकाश घ्या.

लेग रेझमध्ये डोकं जमिनीवर असतं, त्यामुळे मान सुटते. निदान सुटायला हवी. पण पाय जड झाले की लोक डोकं मागे जमिनीत रोवतात, श्वास कोंडतात, आणि मग मान मागून आखडते. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवा. काहीजण कंबर टेकलेली राहावी म्हणून डोकं-खांदे उचलून धरतात; मग क्रंचचाच भार मानेवर परत येतो, तोही विश्रांतीशिवाय.

इथली खरी अडचण कंबरेची. कमरेखाली हात सरकवून पाय खाली नेत जा. जिथे कंबर हातावरून उचलली जाते, तिथे पोट हरलेलं असतं. त्याच्या थोडं आधी थांबायचं. सरळ पायांनी बहुतेकांचं हे फार लवकर होतं, म्हणून गुडघे वाकवून, एकेक पाय खाली नेत सुरुवात करावी. वर जाताना शेवटी कुल्ले किंचित उचलले तरच पोटाचा स्नायू खऱ्या अर्थाने आखडतो. नाहीतर तो नुसता ओटीपोट स्थिर धरून असतो.

म्हणून वर सांगितलेल्या 20 सेकंदवाल्याला मी आधी वाकलेल्या गुडघ्यांचे लेग रेझ देईन, सोबत डोकं टेकवत पाच-पाच क्रंच, आणि मानेची तीच चाचणी अधूनमधून. कंबर दुखरी आणि मान ठणठणीत असेल तर क्रम उलटा, आधी क्रंच. मात्र व्यायामात कळ खांद्यातून हातात उतरली, बोटांना मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर तो थकवा नाही. तिघांपैकी काहीच न करता डॉक्टरांना दाखवावं.