टेस्टिंग पंप: सात महिने वापरल्यानंतर

बेडरूमच्या भिंतीला ओल, पलीकडे बाथरूम. मिस्त्री म्हणाला, "समदी टाइल काढावी लागंल, साहेब." २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आमचं लातूर, इथं भिंतीत पाणी मुरलेलं बघवत नाही. फोडाफोडीआधी मी हाताने मारायचा प्रेशर टेस्टिंग पंप विकत घेतला: बंद लाइनमध्ये पाणी दाबून भरायचं, गेजचा काटा घसरला की लाइन गळते.

पहिल्याच दिवशी फसलो. काटा घसरत होता आणि मी भिंतीवर संशय घेत होतो. गळत होता पंपाचाच होज. तेव्हापासून आधी होजच्या टोकाला डमी, म्हणजे तोंड बंद करायचं बूच, लावून ५ किलो दाबावर दहा मिनिटं काटा हलत नाही ना, ते बघतो. लाइनमधली हवाही आधी काढावी लागते, नाहीतर काटा उगाच डळमळतो.

मग गिझर सोडवला, मिक्सर नळ काढला. मिक्सर जागेवर असला तर त्याच्यातून गार आणि गरम लाइन एकमेकींत मिसळतात, कुठली गळते ते कळतच नाही. सगळ्या तोंडांना डमी लावून गार लाइन ५ किलोवर नेली. अर्ध्या तासात काटा तसूभर हलला नाही. गरम लाइन मात्र बारा मिनिटांत ५ वरून ३ वर आली. म्हणजे अर्धी भिंत सुटली.

पुढचं काम कानाचं. रात्री पंखे बंद, मुलगा अधूनमधून पंप मारून प्रेशर टिकवतोय, आणि मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टाइलला लावून मूठ कानाशी धरलेली. बारीक 'स्स्स' मिक्सरच्या गरम बाजूला सर्वांत स्पष्ट. ओल मात्र तिथून दोन फूट खाली होती! पाणी पाइपासाठी भिंतीत कोरलेल्या झिरीतून उतरून खाली फुटतं, म्हणून ओल दिसते तिथं फोडू नये.

एकच टाइल काढली. सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपच्या पितळी आट्याच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, केसाएवढी चीर होती, बहुधा मिक्सर बसवताना जास्त आवळलेला. एल्बो बदलला, चिकटवायचं सोल्यूशन चोवीस तास सुकू दिलं, भिंत उघडी असतानाच पुन्हा ५ किलो. तासभर काटा जागेवर. मगच सिमेंट.

तेव्हापासून मामांकडे परभणीला आणि दोन शेजाऱ्यांकडे पंप फिरून आला. एका शेजाऱ्याकडे दोन्ही लाइनींचा काटा ठाम उभा राहिला; गळती सांडपाण्याच्या पाइपात निघाली. तिथं हा पंप उपयोगाचा नाही, फक्त नळाच्या लाइनीवरचा संशय फिटतो.

तक्रारी दोन. सहाव्या महिन्यात आतलं वॉशर गेलं, ते बदलावं लागलं. आणि गेजचा काटा हल्ली शून्यावर येत नाही, पाव किलोवर थांबतो. घसरण मोजायला चालतं, पण नवीन गेज मागवलाय.

कॉम्प्रेसरची हवा भरून तपासू का, असं मामांनी विचारलं होतं. सीपीव्हीसीत नको, फुटला तर तुकडे उडतात. पाणीच भरा.