निरोपाला काय द्यावं: मेमेंटो, चांदीचं नाणं की इरकल?

ऑफिसमधलं कुणी निवृत्त होतंय किंवा बदलून चाललंय, वर्गणी दोन-तीन हजारांच्या आसपास जमणार, आणि प्रत्येकजण सारखी देणार नाही. हे तिन्ही जुळलं की बेळगावात साधारण तीनच सूचना पुढं येतात: नाव कोरलेला मेमेंटो, चांदीचं नाणं, किंवा साडी. पाकिटात रोख घालून देण्याचाही पर्याय असतो, पण तेरा जणांनी मिळून दिलेलं पाकीट हातात पडलं की घेणारा मनातल्या मनात भागाकार करतो. तो विषय मी तिथंच सोडतो.

मेमेंटोवर आमच्या सोसायटीत बरीच वर्षं श्रद्धा होती. दिसायला भारदस्त, फोटोत छान येतो, स्वस्तही पडतो. अडचण वस्तूत नाही, तिच्यावर काय लिहायचं यात आहे. ‘सर्व कर्मचारी वृंद’ एवढंच लिहिलं तर प्रश्न मिटतो, पण कुणीतरी म्हणतंच, ‘नावं घाला, आठवण राहते.’ नावं घालायची ठरली की यादी लागते, आणि यादी केली की पाचशे दिलेला आणि काहीच न दिलेला एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत बसतात. न दिलेल्याचं नाव गाळावं तर निरोप समारंभात तो समोर बसलेला असतो. शिवाय आपल्या भागात लिपी कुठली हाही प्रश्न असतो. मराठीत घातलं तर कन्नड मंडळी गप्प राहतात, कन्नडमध्ये घातलं तर आपली. शेवटी तोडगा म्हणून इंग्रजीत जातं आणि स्पेलिंगचा घोळ सुरू होतो.

आमच्याकडं पाटील तीन. गेल्या खेपेला आद्याक्षरांची अदलाबदल होऊन एक पाटील दोनदा आले आणि एक आलेच नाहीत. जे आले नव्हते त्यांनीच सगळ्यांत जास्त दिले होते! दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, ‘लेसरनं कोरलंय साहेब, आता पुसता येत नाही.’ खरंच आहे ते. ॲक्रिलिकवर लेसर फिरला की चूक कायमची. लाकडी पाटीवर चिकटवलेला पत्रा असेल तर निदान पत्रा बदलून मिळतो. मेमेंटोच घ्यायचा असेल तर पत्रावाला घ्या आणि मजकुराचा नमुना छापण्याआधी ज्याचं नाव आहे त्यालाच दाखवा.

पण मला मेमेंटो नकोसा झाला तो स्पेलिंगमुळं नाही. कोरायला पैसे आणि यादी दोन-चार दिवस आधी लागतात. म्हणजे वस्तूची किंमत आधी ठरते आणि वर्गणी तिच्या मागं धावते. ‘पगार झाल्यावर देतो’ म्हणणारे त्याच वेळी निघतात, आणि कमी पडलेले दोन-चारशे गुपचूप कोण भरतो तर जो वर्गणी गोळा करतो तो. मग पुढचे कित्येक दिवस त्याला न दिलेल्याकडं बघून हसता येत नाही. मला या एका गोष्टीचा जो वैताग आहे, त्यापुढं बाकीचं सगळं किरकोळ.

चांदीच्या नाण्यातही तीच गोम आहे, जरा वेगळ्या वेशात. नाणी पाच, दहा, वीस अशा ठरलेल्या ग्रॅमांत येतात. दहा ग्रॅम ठरवलं आणि पैसे जमेपर्यंत भाव चढला की पुन्हा झोळी फिरवावी लागते. वर जीएसटी असतोच. शिवाय वजन नाण्यावर छापलेलं असतं. घरी गेल्यावर कुणीही मोबाइलवर भाव बघून हिशेब करतो, आणि ऑफिसनं आपली किंमत किती केली ते कळतं. चांदी टिकते, मोडता येते, हे मान्य. ज्या ऑफिसात सगळे समान देतात तिथं मी कदाचित चांदीच सुचवेन.

आता इरकल. गेल्या वेळी आमच्या हेडक्लार्क बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी आधी काहीच ठरवू दिलं नाही. एक बंद डबा ठेवला, त्यात ज्याला जे जमेल ते त्यानं टाकायचं, यादी करायची नाही. डबा उघडला तेव्हा पाचशेच्या तीन नोटा, दोनशेच्या पाच, शंभराच्या तीन आणि पन्नासची एक निघाली. पन्नासची शिपाईमामांची असावी, पण तो माझा अंदाज. एकूण २८५०. त्यानंतर कॅशिअर वैनींना घेऊन बाजारात गेलो. एकाच दुकानात, एकाच गठ्ठ्यात बाराशेपासून पुढं पन्नास-शंभराच्या टप्प्यानं साड्या होत्या. २१५० ची घेतली. उरलेल्या सातशेत सगळ्यांना कुंदा आणि चहा झाला. तेराव्या गड्यानं पगारानंतर दोनशे आणून दिले, ते चहावाल्याच्या जुन्या उधारीत गेले. कुणाची किंमत कुणाला कळली नाही, बाईंना तर नाहीच.

इरकल घेताना बघायचं ते पदराजवळ. खऱ्या हातमागाच्या साडीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा लाल ताणा वेगळा असतो, आणि दोन्ही एकमेकांत फास अडकवून जोडलेले असतात. याला कोंडी म्हणतात. साडी उलटी करून पदराची सुरुवात बोटानं चाचपली की तो जोड लागतो, आणि पदराचा लाल रंग एकसंध दिसतो. यंत्रमागाच्या साडीत अंगाचाच ताणा पदरात पुढं जातो, म्हणून लालात अंगाचा निळा किंवा हिरवा मिसळल्यासारखा दिसतो. वैनींनी दुकानदारासमोरच पदर पालथा केला तेव्हा त्यानं न सांगता खालचा गठ्ठा काढला. आपल्या बजेटात अंग सुती आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा मिळतो. पूर्ण रेशमी मिळणार नाही, आणि कुणी त्या भावात ‘प्युअर सिल्क’ म्हणत असेल तर पुढच्या दुकानात जावं.

दोन खबरदाऱ्या. फॉल-पिको करून देऊ नका, सुई लागली की दुकानदार बदलून देत नाही. आणि किमतीची चिठ्ठी काढून, फक्त बदलून द्यायची मुदत लिहिलेली पावती सोबत मागून घ्या. रंगाचं आपण कितीही डोकं चालवलं तरी चुकतंच. बाईंनी निळी परत करून हिरवी घेतली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

इरकलीतही खोट आहेच. निरोप घेणारा पुरुष असेल तर हा सगळा मार्ग बंद. मग अथणीची हातानं शिवलेली कोल्हापुरी चप्पल मी सुचवीन. तीही वेगवेगळ्या किमतींत मिळते, म्हणजे वर्गणी आधी आणि वस्तू नंतर हा क्रम टिकतो. पायाचं माप मात्र चोरून घ्यावं लागतं, आणि चप्पल भेट देऊ नये असं मानणारे काहीजण असतात, त्यांचा आधी कानोसा घ्यावा. बायकोसाठी साडी द्यावी असंही आमच्याकडं एकानं सुचवलं होतं. ज्यांना निरोप द्यायचा होता त्यांनीच हात जोडून ते थांबवलं.